बाळाच्या सर्दीवर बाम का चोळू नये?

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या औद्योगिक परिसरात कारखान्यांत काम करणारी असंख्य कुटुंबे लहान लहान खोल्यांतून राहतात. अशा कोणत्याही घरात दोन वस्तू हमखास सापडतात. देवघरात आरतीचा कापूर असतो आणि आरशाजवळच्या फळीवर सर्दीच्या बामची डबी असते. थंडीच्या दिवसांत तान्ह्या बाळाचे नाक चोंदले, की घरातले वडीलधारे मायेने त्याच्या छातीला, पाठीला आणि कधी कधी नाकपुड्यांनाही बाम चोळतात. कोणी खोबरेल तेलात कापूर कढवून तेच तेल लावतात. मोठ्यांना ज्याने बरे वाटते, त्याने बाळालाही बरे वाटेल, असा यामागचा साधा तर्क असतो. हा तर्क कोठे चुकतो, ते आपण पाहू.

आधी मोठ्या माणसाला बरे का वाटते, याचा विचार करू. बाममध्ये मुख्यतः कापूर, मेंथॉल म्हणजे पुदिन्याचे फूल आणि निलगिरीचे तेल असते. हे पदार्थ शरीराच्या उबेने सहज उडून जातात आणि त्यांची वाफ नाकात शिरते. आपल्या नाकातील मज्जातंतूंच्या टोकांवर थंडीची जाणीव करून देणारे ग्राहक असतात. गार हवा लागली की ते मेंदूला संदेश धाडतात. २००२ साली शास्त्रज्ञांना असे दिसून आले, की मेंथॉल नेमक्या याच ग्राहकांना चेतवते. त्यामुळे हवा गार नसतानाही गार वाटते, आणि गार हवा आत जात आहे म्हणजे नाक मोकळे झाले, अशी मेंदूची समजूत होते. प्रत्यक्षात नाकातून हवा किती वाहते हे उपकरणाने मोजले, तर मेंथॉलमुळे तिच्यात फारसा फरक पडलेला आढळत नाही. नाक चोंदलेलेच राहते, बदलते ती केवळ जाणीव. मोठ्या माणसाला तेवढ्यानेही झोप लागते आणि त्याचे काही बिघडत नाही.

बाळाची गोष्ट वेगळी आहे. तान्हे मूल बहुतेक वेळ नाकानेच श्वास घेते आणि त्याचे श्वासमार्ग फार अरुंद असतात. येथे भौतिकशास्त्रातला एक नियम आठवावा. नळीतून संथपणे वाहणाऱ्या प्रवाहाला होणारा विरोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. समजा, मोठ्या माणसाच्या श्वासमार्गातील एका नळीची त्रिज्या ४ मिलिमीटर आहे आणि बाळाच्या नळीची २ मिलिमीटर. दोघांच्याही नळीला आतून १ मिलिमीटर जाडीची सूज आली किंवा तेवढा चिकट द्राव साचला. मोठ्याची त्रिज्या ४ वरून ३ झाली. विरोध सुमारे ३ पट वाढला. बाळाची त्रिज्या २ वरून १ झाली. विरोध २ चा चौथा घात, म्हणजे १६ पट झाला! प्रत्यक्ष श्वासमार्ग इतके सरळ नळीसारखे नसतात. पण मोठ्याला केवळ त्रासदायक वाटणारी सूज बाळाचा श्वास का अडवू शकते, हे या हिशेबावरून कळते.

मग बामने अशी सूज किंवा द्राव वाढतो काय? अमेरिकेत १८ महिन्यांच्या एका मुलीला सर्दी झाली म्हणून थेट नाकाखाली असा बाम लावण्यात आला. थोड्याच वेळात तिला श्वास घेणे कठीण झाले आणि रुग्णालयात न्यावे लागले. तिच्यावर उपचार करणाऱ्या शास्त्रज्ञांनी याचे कारण शोधण्यासाठी फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या श्वासनलिकेवर प्रयोग केले. ते २००९ साली प्रसिद्ध झाले. श्वासनलिकेचे अस्तर बामच्या संपर्कात येताच अधिक चिकट द्राव सोडू लागले, आणि हा द्राव बाहेर ढकलणाऱ्या सूक्ष्म केसांसारख्या तंतूंची हालचाल मंदावली. हा प्रयोग प्राण्यावरचा होता, हे लक्षात ठेवले पाहिजे. परंतु बाळाच्या बाबतीत काय घडले असावे, याचा उलगडा त्यावरून होतो. शिवाय तान्ह्या बाळाच्या नाकाशी तीव्र मेंथॉल नेले, तर प्रतिक्षिप्त क्रियेने स्वरयंत्र आवळले जाऊन त्याचा श्वास क्षणभर थांबूही शकतो.

आता कापराकडे वळू. कापूर पोटात गेला तर तो मज्जासंस्थेवर विषासारखा परिणाम करतो. आकडी येणे हे त्याचे प्रमुख लक्षण. ती कित्येकदा गिळल्यापासून ५ ते २० मिनिटांतच येते. वाळूजहून संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात पोहोचायलाही याहून अधिक वेळ लागतो! शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे ३० मिलिग्रॅमहून अधिक कापूर पोटात गेला असेल, तर मूल ठीक दिसत असले तरी त्याला ताबडतोब रुग्णालयात न्यावे, असे विषतज्ज्ञ सांगतात. १० किलोग्रॅमच्या मुलासाठी हे प्रमाण झाले ३०० मिलिग्रॅम. बाममध्ये साधारणपणे ५ टक्के कापूर असतो. म्हणजे रांगत्या मुलाने डबीत बोटे घालून ६ ग्रॅम, चमचाभर, बाम चाटला की ही मर्यादा गाठली. आरतीच्या वडीत तर जवळजवळ सगळा कापूरच. १ ग्रॅमची वडी गिळली, तर मर्यादेच्या तिपटीहून अधिक विष पोटात जाते.

कापराच्या तेलाची कथाही अशीच आहे. अमेरिकेत पूर्वी २० टक्के कापूर असलेले तेल दुकानात मिळत असे. एरंडेल समजून ते मुलांना पाजले जाई आणि मुलांना विषबाधा होई. म्हणून १९८२ साली तेथे त्याच्या विक्रीवर बंदी आली. अशा तेलाच्या एका लहान चमच्यात १ ग्रॅम कापूर असतो. घरी कढवलेल्या तेलात तो किती उतरला, हे तर कोणीच मोजलेले नसते.

त्वचेतूनही कापूर थोडा आत शिरतो. नवजात बाळाचे वजन ३ किलोग्रॅम आणि त्वचेचे क्षेत्रफळ सुमारे ०.२ चौरस मीटर असते. प्रौढाचे वजन ६० किलोग्रॅम आणि क्षेत्रफळ १.७ चौरस मीटर. भागाकार करून पाहा. दर किलोग्रॅममागे बाळाची त्वचा दुपटीहून अधिक भरते. त्यातच कापूर निकामी करणारे त्याचे यकृत अजून पुरते तयार झालेले नसते.

म्हणून दोन वर्षांखालील मुलाला असा बाम मुळीच लावू नये. त्याहून मोठ्या मुलांची गोष्ट थोडी निराळी आहे. २ ते ११ वर्षांच्या १३८ मुलांवर केलेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत बामने रात्री झोप बरी लागली, पण अनेकांच्या त्वचेची आणि डोळ्यांची जळजळही झाली. लावायचा झाला तर तो फक्त छातीवर व गळ्यावर लावावा. नाकात, तोंडाजवळ किंवा जखमेवर कधीच नाही.

बाळाचे नाक चोंदले, तर औषधाच्या दुकानात मिळणारे साध्या मिठाच्या पाण्याचे थेंब नाकात घालावेत आणि थोडे थोडे दूध वरचेवर पाजावे. मात्र मूल शांत असताना त्याचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजावेत. दोन महिन्यांखालील बाळाचे ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक भरले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर ती साधी सर्दी नव्हे. बाळाला लगेच डॉक्टरांकडे न्यावे.

आणि मुलाने कापूर किंवा बाम खाल्लाच, तर त्याला ओकारी काढायला लावू नये. ओकताना आकडी आली तर पोटातले फुप्फुसात जाते. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि डबी सोबत न्यावी. कापूर किती गेला असेल, हे डॉक्टरांना तिच्यावरूनच काढता येते.