सात स्लाइड्स, एक खुर्ची

इन्स्टाग्रामवर बोटाने सरकवत एकामागून एक पाहायच्या चित्रमालिकेला कॅरुसेल म्हणतात. २०१७ मध्ये ही सोय आली तेव्हा एका पोस्टमध्ये दहा चित्रं बसत, २०२४ पासून वीस बसतात. फिटनेस ट्रेनर मंडळींना हा प्रकार मानवला, कारण व्यायामाची एकेक पायरी एकेका स्लाइडवर दाखवता येते आणि पाहणाऱ्याला वाटेल तिथे थांबता येतं. पण जिममध्ये समोरचा माणूस धापा टाकायला लागला, गुडघा आत वळायला लागला, चेहरा पांढरा पडला, की ट्रेनर त्याला लगेच थांबवतो. स्लाइडला डोळे नसतात. ती वाचणारा पंचविशीतला खेळाडू असेल किंवा बीपीची गोळी घेणारे पासष्टीचे काका असतील. ट्रेनरच्या नजरेचं काम शब्दांकडून करून घेणं, ही सुरक्षित कॅरुसेलची खरी मेहनत आहे.

समजा, ठाण्यातल्या एका ट्रेनरला दिवसभर बसून काम करणाऱ्या, व्यायामाची सवय सुटलेल्या चाळिशी-पन्नाशीच्या लोकांसाठी कॅरुसेल करायची आहे. विषय एकच: खुर्चीवरून उठबस. पाच व्यायाम कोंबण्यापेक्षा एक नीट शिकवलेला बरा. शिवाय हा व्यायाम आपण बसमध्ये, ऑफिसात, जेवणाच्या टेबलाशी नकळत करतच असतो.

पहिली स्लाइड म्हणजे दुकानाची पाटी. मोह होतो तो इथेच. ‘२१ दिवसांत १० किलो कमी’ असं लिहिलं की लोक थांबतात. पण हिशेब करून पाहा. एक किलो चरबीत ढोबळमानाने ७,७०० कॅलरी असतात. दहा किलोंच्या ७७,००० झाल्या, एकवीस दिवसांनी भागल्या तर रोजची तूट साडेतीन हजारांच्या वर जाते. ऑफिसात बसणाऱ्या माणसाचा दिवसभराचा एकूण खर्चच दोन हजारांच्या आसपास असतो. म्हणजे तीन आठवडे पूर्ण उपाशी राहूनही दहा किलो चरबी जाणार नाही. पहिल्या आठवड्यात काटा झपाट्याने खाली येतो तो बराचसा पाण्यामुळे. खाणं एकदम तोडलं की स्नायूंतली साठवलेली साखर वापरली जाते आणि तिच्यासोबत धरून ठेवलेलं पाणीही निघून जातं. ‘पोटाची चरबी घालवणारे व्यायाम’ हेही तसंच. पोटाच्या व्यायामाने पोटाचे स्नायू बळकट होतात, चरबी मात्र शरीर कुठून काढायची ते स्वतः ठरवतं. आमची ट्रेनर म्हणून पाटीवर एवढंच लिहिते: ‘खुर्चीतून हात न टेकता उठता येतं का? सुरुवातीचा व्यायाम.’

दुसऱ्या स्लाइडवर व्यायाम यायला हवा असं वाटतं, पण तिथे येतं ‘आधी डॉक्टरांना विचारा’. चालताना किंवा जिना चढताना छातीत दाब येतो, चक्कर येते, नुकतं ऑपरेशन झालंय, गुडघा सुजलाय, गर्भारपण आहे, अशा लोकांनी इथेच थांबायचं. ही सूचना बहुतेक जण शेवटच्या स्लाइडवर बारीक अक्षरांत टाकतात. ती तिथे निरुपयोगी असते. शेवटपर्यंत फार थोडे पोहोचतात आणि बरेच जण मधली एकच स्लाइड स्क्रीनशॉट काढून घरच्या ग्रुपवर पाठवतात. म्हणून प्रत्येक स्लाइड एकटी पडली तरी धोक्याची ठरू नये, अशी लिहावी लागते.

तिसरी आणि चौथी स्लाइड प्रत्यक्ष कृतीची. खुर्ची पक्की, चाकं नसलेली, पाठ भिंतीला टेकवून ठेवलेली, बैठक साधारण गुडघ्याइतक्या उंचीची. आपल्या घरांतल्या टाइल्सवर मोजे घालून हा व्यायाम म्हणजे घसरण्याला आमंत्रण, तेव्हा अनवाणी किंवा पकड असलेले बूट. बैठकीच्या पुढच्या अर्ध्या भागात बसायचं, पाय कमरेइतके अंतरावर, टाचा जमिनीला. कमरेतून पुढे झुकायचं, नाक पावलांच्या वर आलं की श्वास सोडत उठायचं. खाली येताना मनात तीन आकडे मोजत सावकाश. धपकन बसलात तर अर्धा व्यायाम वाया गेला. ‘गुडघा पायाच्या बोटांपुढे जाता कामा नये’ हा नियम जिममध्ये अजून ऐकू येतो. तो ताठर धरायचं कारण नाही. जिना उतरताना गुडघा पुढे जातोच. लक्ष द्यायचं ते गुडघे एकमेकांकडे आत वळत नाहीत ना याकडे. श्वास कोंडायचा नाही, कारण जोर लावताना श्वास कोंडला की रक्तदाब चढतो.

किती करायचं, यावरून सगळ्यात जास्त घोटाळे होतात. ‘रोज १०० स्क्वॉट, ३० दिवस चॅलेंज’ दिसायला मर्दुमकीचं. पण सवय नसलेल्या माणसाने पहिल्याच दिवशी शंभर उठाबशा काढल्या तर क्वचित स्नायूंच्या पेशी इतक्या तुटतात की त्यातून सुटलेल्या पदार्थांनी मूत्रपिंड धोक्यात येतं. लघवीचा रंग चहासारखा गडद होणं ही त्याची खूण, आणि मग लिंबू-पाणी घेत बसायचं नाही, थेट दवाखाना. (शाळेत शिक्षा म्हणून शंभर उठाबशा काढायला लावणाऱ्या गुरुजींनीही हे वाचावं.) पाचव्या स्लाइडवर म्हणून लिहिलेलं असतं: आठ वेळा, दोन मिनिटं विश्रांती, पुन्हा आठ. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून. आठवी उठबस झाली तेव्हा अजून दोन-तीन जमल्या असत्या असं वाटलं पाहिजे. आठ जड गेल्या तर बैठकीवर घट्ट उशी ठेवून उंची वाढवा किंवा हातांचा आधार घ्या. सोप्या वाटू लागल्या की हळूहळू बारापर्यंत न्या, त्यानंतर पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली छातीशी धरा.

सहावी स्लाइड दुखण्याची. मांड्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठणकतात, सवय नसेल तर जिना उतरताना ‘आई गं’ निघतं; हे चालेल, दोन-चार दिवसांत ओसरतं. सांध्यात टोचणारी कळ, गुडघ्याला सूज, छातीत दाब, डोळ्यांपुढे अंधारी हे चालणार नाही. सांध्याचं काही असेल तर व्यायाम थांबवून दाखवून घ्यायचं आणि छातीतला दाब थांबूनही जात नसेल तर वाट न पाहता मदत मागायची. बरेच ट्रेनर ‘दुखलं म्हणजे लागू पडलं’ असं सरसकट सांगतात. ही दोन दुखणी वेगळी असतात, हे त्यांनी स्लाइडवर लिहायला हवं.

शेवटच्या स्लाइडवर तीन गोष्टी असतात. पहिली, ट्रेनरने नेमकं काय शिकलंय ते. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडियाने २०२३ मध्ये आरोग्यविषयक सल्ला देणाऱ्या इन्फ्लुएन्सरांनी आपली पात्रता उघड सांगावी असं म्हटलं आहे. दुसरी, प्रोटीन पावडरचे पैसे घेतले असतील तर तसं स्पष्ट, मोठ्या अक्षरांत. तिसरी, या व्यायामातून काय मिळेल ते, आणि तेही स्वतःचं स्वतः मोजता येईल असं: तीस सेकंदांत हात न टेकता किती वेळा पूर्ण उठता येतं ते आज कॅलेंडरवर लिहा. सहा आठवड्यांनी त्याच खुर्चीवर पुन्हा मोजा. आकडा वाढण्याची शक्यता बरीच आहे. वजनाच्या काट्याबद्दल ही स्लाइड काहीही बोलत नाही.