एकाच गाडीतले तिघे

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि पोलंडच्या सीमेलगतच्या पशेमिशल स्टेशनात माणसांची रीघ लागली. समजा, अशाच एका गाडीतून तिघे जण उतरले. खारकिव्हची एक बाई, तिच्यासोबत दोन मुलं. मूळची सीरियाची पण युक्रेनने आधीच निर्वासित म्हणून स्वीकारलेली एक व्यक्ती. आणि तिथे डॉक्टरकी शिकणारा एक भारतीय विद्यार्थी. बॉम्ब तिघांनीही ऐकले होते. पुढे मात्र तिघांच्या वाट्याला सारखं काही आलं नाही.

एरवी परदेशात आश्रय मागणाऱ्याला एकट्याने आपली बाजू मांडावी लागते. मुलाखत, पुरावे, चौकशी, नकार मिळाला तर अपील. यात महिने जातात, कधी वर्षंही. काही आठवड्यांत लाखो माणसं दारात आली, तर ही यंत्रणा कोलमडणारच. म्हणून युरोपीय संघाने २००१ साली तात्पुरत्या संरक्षणाचा कायदा केला होता. बोस्निया आणि कोसोवोच्या युद्धांतून घेतलेला तो धडा होता. गंमत म्हणजे पुढची वीस वर्षं तो कायदा कपाटातच राहिला. २०१५ मध्ये सीरियन लोकांचे लोंढे आले, तेव्हाही तो कुणी काढला नाही. युक्रेनसाठी ४ मार्च २०२२ रोजी, म्हणजे हल्ल्यानंतर दीड आठवड्याच्या आत, सदस्य देशांनी एकमताने तो लागू केला. यामागे केवळ तातडी होती, असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल.

या कायद्यात एकेका माणसाची कहाणी तपासत नाहीत. तुम्ही ठरलेल्या गटात बसता का, एवढंच पाहतात. खारकिव्हच्या बाईला आपण युक्रेनच्या नागरिक आहोत, २४ फेब्रुवारीपूर्वी तिथेच राहत होतो आणि त्या दिवशी किंवा नंतर बाहेर पडलो, इतकंच दाखवायचं होतं. सीरियन निर्वासितालाही तोच हक्क होता, कारण त्याला युक्रेनने आधीच संरक्षण दिलेलं होतं. जोडीदार, अविवाहित अल्पवयीन मुलं आणि घरात राहून कुटुंबावर अवलंबून असलेले जवळचे नातेवाईकही यात येतात. युद्धगुन्हे किंवा गंभीर गुन्हे केलेल्यांना मात्र दार बंद.

भारतीय विद्यार्थी यात बसत नव्हता. त्याच्याकडे शिक्षणापुरता तात्पुरता परवाना होता आणि त्याला मायदेशी सुखरूप परतता येत होतं. त्याला सीमा ओलांडू देऊन पुढे घरी जाऊ द्यायचं, असं धोरण होतं. ‘ऑपरेशन गंगा’ची विमानं पोलंड, रुमानिया, हंगेरी, स्लोव्हाकियातून उडाली ती त्यामुळेच. अशा तात्पुरत्या परवानाधारकांना संरक्षण द्यायचं की नाही, हे प्रत्येक देशावर सोडलेलं होतं. नेदरलँड्सने सुरुवातीला दिलं, नंतर काढून घेतलं. डिसेंबर २०२४ मध्ये युरोपीय न्यायालयानेही सांगितलं, की स्वखुशीने दिलेलं संरक्षण देशाला परत घेता येतं.

गटात बसलेल्यांना मिळतं काय? राहण्याचा परवाना, नोकरी किंवा स्वतःचा धंदा करण्याची मुभा, राहण्याच्या जागेची सोय, गरजेपुरती आर्थिक मदत, निदान तातडीचे उपचार आणि अठरा वर्षांखालच्या मुलांना स्थानिक मुलांप्रमाणेच शाळा. पोलंडमध्ये त्या बाईने नगरपालिकेच्या कचेरीत जायचं, बोटांचे ठसे द्यायचे आणि ‘पेसेल’ नावाचा ओळख क्रमांक घ्यायचा. त्या क्रमांकावर डॉक्टर, शाळा, सरकारी भत्ता अशी पुढची दारं उघडतात. पण ती तीस दिवसांपेक्षा जास्त काळ पोलंडबाहेर राहिली, तर हा दर्जा जाऊ शकतो. युद्धकाळच्या नियमांमुळे नवरा मागेच अडकलेला, आई तिकडे आजारी. अशा घरात तीस दिवस कसे सरतात ते सांगायला नको.

अमेरिकेतही असाच दर्जा आहे, आणि तो भूकंप-वादळांनंतरही देता येतो. पण तो नव्याने येणाऱ्यांसाठी नाही. जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर हैतीच्या लोकांना तो मिळाला, तेव्हा त्या दिवशी अमेरिकेत असलेल्यांनाच त्याचा लाभ होता. ढिगाऱ्यातून नंतर निघून आलेल्यांना सुरुवातीला नाही.

युरोपातली ‘तात्पुरती’ मुदत आधी एका वर्षाची होती. ती वाढत वाढत आता ४ मार्च २०२७ पर्यंत गेली आहे. चाळीस लाखांहून अधिक लोक या छत्राखाली आहेत, त्यांतले सर्वाधिक जर्मनी आणि पोलंडमध्ये. मुदत संपेपर्यंत कधीही रीतसर आश्रय मागता येतो; पण कायम वास्तव्याच्या युरोपीय परवान्यासाठी जी पाच वर्षं भरावी लागतात, त्यांत या दर्जावर काढलेली वर्षं मोजत नाहीत. त्यामुळे नोकरीच्या किंवा शिक्षणाच्या वेगळ्या परवान्यावर लोकांना आत्ताच वळवा, असं सदस्य देशांना २०२५ मध्ये सुचवण्यात आलं. नोकरी असलेल्यांना ते जमेल. म्हातारी माणसं, अपंग आणि एकट्याने लहान मुलं सांभाळणाऱ्या आया यांना कोणत्या परवान्यावर बसवायचं, हे प्रत्येक देश आपापल्या परीने ठरवतो आहे.