सबब ते स्वल्पविराम

गंगाखेडच्या जनाबाईंचे अभंग छापताना चरणाशेवटी एक दंड आणि कडव्याशेवटी दोन दंड देण्याची रीत आजही टिकून आहे. त्याच परभणी जिल्ह्यातल्या दाव्यात मात्र वाक्याशेवटी दंड आला तर तो खोडून टिंब द्यावे लागते. हिंदी गद्याने दंड ठेवला, मराठी गद्याने पूर्णविराम घेतला. परभणीच्या कोर्टकचेरीत हा पूर्णविराम रुळायला बराच काळ गेला.

मोडीत आधी शिरोरेघ ओढून घ्यायची आणि तिला अक्षरे टांगत जायचे, अशी पद्धत होती. शब्द तोडायचे नाहीत, विरामचिन्हे द्यायची नाहीत. मग एक मुद्दा संपून दुसरा सुरू झाला हे कळायचे कसे? ते काम ‘सबब’, ‘येणेप्रमाणे’, ‘जे की’ असे शब्द करत. वाचणारा ‘सबब’पाशी थांबे, कारण पुढे मागणी येणार हे त्याला ठाऊक असे. मुंबई इलाख्यात मेजर थॉमस कँडी यांनी 1850 मध्ये ‘विरामचिन्हांची परिभाषा’ लिहिली आणि छापील मराठीत स्वल्पविराम, पूर्णविराम बसले. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती. पुढे तिथल्या कोर्टाची भाषा उर्दू झाली, आणि उर्दूत वाक्य संपल्याची खूण म्हणजे ओळीवरची छोटी आडवी रेघ.

1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्रात. जुलै 1998 च्या अधिसूचनेने मराठी ही जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा ठरली. 2002 पासून दिवाणी दाव्यातली सरतपासणी शपथपत्रावर होऊ लागली. पूर्वी साक्षीदार तोंडी सांगे आणि ते तुकड्यातुकड्यांनी नोंदले जाई. आता तेच वकिलांच्या कचेरीत सलग टंकले जाते. चिन्हे आली, पण ‘सबब’च्या काळातले पानभर वाक्य तसेच राहिले. पूर्वी शब्द जो विसावा देत, तो आता स्वल्पविरामाकडून मागितला जातो, आणि इथेच घोटाळा होतो.

असे वाक्य समजा: ‘12 एकर जमीन वादीचा मोठा भाऊ, गणपतराव व त्याचे दोन मुलगे यांनी समान वाटून घेतली.’ स्वल्पविराम ‘भाऊ’ नंतर आहे. म्हणून भाऊ एक, गणपतराव दुसरा, मुलगे दोन. माणसे चार, प्रत्येकी 3 एकर. आता तो स्वल्पविराम काढा. भावाचेच नाव गणपतराव होते, माणसे तीन उरतात आणि वाटा 4 एकरांचा होतो. टंकणाऱ्याने श्वास घ्यायला दिलेल्या चिन्हाने एक वारसदार जन्माला घातला. यावर जुन्या कारकुनी पद्धतीचा उपाय चांगला आहे: ‘भाऊ गणपतराव व गणपतरावांचे दोन मुलगे, असे तिघे.’ आकडा शब्दात आला की चिन्ह गळाले तरी अर्थ शाबूत राहतो.

काही वाक्यांना स्वल्पविराम पुरतच नाही. ‘वादीने प्रतिवादीला पैसे देऊन दस्त करून देण्यास सांगितले’ यात पैसे कोणी कोणाला दिले? स्वल्पविराम कुठेही टाका, शंका उरते. इथे पूर्णविरामच हवा: ‘वादीने प्रतिवादीला पैसे दिले. त्यानंतर दस्त करून देण्यास सांगितले.’ दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 6 नियम 2 मध्येही शक्यतो एक कथन एका परिच्छेदात मांडायला आणि तारखा, रकमा आकड्यांत व अक्षरांत लिहायला सांगितले आहे.

संगणकावर दंड नव्याने शिरला. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून टिंबाची कळ दाबली की ‘।’ उमटतो. शब्दानंतर आला तर तो नुसता खटकतो. आकड्याला चिकटला तर मात्र ‘5000।’ हे घाईत 50001 वाचले जाऊ शकते. रकमेपुढे ‘/-’ आणि कंसात अक्षरी रक्कम लिहिण्याचा जुना रिवाज इथे उपयोगी पडतो. ‘दि.’, ‘क्र.’, ‘ता.’, ‘जि.’ यांतली टिंबे वेगळीच. पुढे नवे वाक्य नसते. म्हणून वाक्य अशा संक्षेपावर संपवू नये.

चिन्हांवर निकाल फिरतो का? सर्वोच्च न्यायालयाने 1952 मध्ये अश्विनीकुमार घोष प्रकरणात कायद्याचा अर्थ लावताना विरामचिन्हांना गौण मानले. पण 1979 च्या मोहम्मद शब्बीर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात औषध कायद्याच्या कलम 27 मध्ये ‘साठा करणे’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दानंतर स्वल्पविराम नाही, याला वजन मिळाले. ‘विक्रीसाठी’ ही अट साठ्यालाही लागू धरली गेली आणि नुसता साठा गुन्हा ठरला नाही.

परभणीचे अपील औरंगाबाद खंडपीठाकडे गेले की मराठी कागदाचे इंग्रजी भाषांतर होते. मुळात तिघे की चौघे हे स्पष्ट नसेल, तर ते भाषांतरकार आपल्या समजुतीने ठरवतो, आणि पुढचा युक्तिवाद त्याच्या स्वल्पविरामावर चालतो.