विश्लेषण : पेसमेकर असलेल्यांनी मोबाइल खिशात ठेवावा का? एमआरआय, विमानतळ तपासणी आणि चुंबकाचे काय?

पेसमेकर बसवून घरी परतलेल्या रुग्णाला पहिल्या आठवड्यात बहुतेक तेच प्रश्न पडतात. मोबाइल वापरता येईल का, विमानतळावरच्या चौकटीतून जाता येईल का, पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली तर काय? शेजारीपाजारी आणि व्हॉट्सॲप यांच्याकडून मिळणारी उत्तरे एकतर फार घाबरवणारी असतात किंवा फार बेफिकीर. खरे तर या सगळ्या प्रश्नांचा धागा बऱ्याच अंशी एकच आहे : छातीतील यंत्रात मुद्दाम बसवलेला, चुंबकाला प्रतिसाद देणारा एक छोटा स्विच.

पेसमेकर आणि डिफिब्रिलेटर यांत फरक काय?

दोन्ही यंत्रे दिसायला सारखीच. गळपट्टीच्या हाडाखाली, बहुतेकदा डावीकडे, त्वचेखाली एक चपटी डबी आणि तिच्यापासून शिरेतून हृदयापर्यंत गेलेल्या एक, दोन किंवा तीन तारा. या तारांना लीड म्हणतात. पेसमेकरचे काम ठोके मंदावले की विजेची हलकी टिचकी देण्याचे. डिफिब्रिलेटर, म्हणजेच रुग्णालयात ज्याला आयसीडी म्हणतात ते यंत्र, ठोके जीवघेण्या वेगाने धावू लागले तर शॉक देऊन ते ताळ्यावर आणते. बहुतेक आयसीडी गरज पडल्यास पेसमेकरचेही काम करतात. आपल्या छातीत यांपैकी नेमके काय आहे, हे अनेक रुग्णांना आणि त्यांच्या मुलांनाही सांगता येत नाही. ‘पेसमेकर बसवलाय’ एवढेच माहीत असते. पण चुंबकाच्या बाबतीत दोन्ही यंत्रे अगदी वेगळी वागतात, त्यामुळे हा फरक माहीत हवाच.

चुंबक जवळ आले तर यंत्र बंद पडते का?

पेसमेकर सहसा बंद पडत नाही. उलट, तो हृदयाचे ऐकणे थांबवतो आणि ठरलेल्या वेगाने टिचक्या देत राहतो. हा वेग कंपनीनुसार मिनिटाला साधारण ८५ ते १०० असतो आणि बॅटरी संपत आली की कमी होतो. म्हणूनच डॉक्टर कधी कधी छातीवर चुंबक ठेवून बॅटरीचा अंदाज घेतात. रुग्णाला फार तर थोडी धडधड जाणवेल.

आयसीडीचे तसे नाही. चुंबक जवळ असेपर्यंत त्याची धोकादायक ठोके ओळखून शॉक देण्याची यंत्रणा थांबते. पेसमेकरचे काम चालूच राहते, त्यामुळे नाडी बदलत नाही आणि रुग्णाला काहीच कळत नाही. काही मॉडेल बीप देतात, सगळी नाही. ही सोय शस्त्रक्रियेसाठी आणि यंत्र विनाकारण शॉक देत सुटले तर ते थांबवण्यासाठी केलेली आहे. चुंबक बाजूला केले की सर्वसाधारणपणे यंत्र लगेच पूर्ववत होते. म्हणजे चुंबकाने आयसीडी बिघडत नाही. धोका त्या तेवढ्या वेळेपुरता असतो, पण नेमके त्याच वेळी ठोके बिघडले तर शॉक मिळणार नाही.

हृदयाच्या आतच बसवल्या जाणाऱ्या कॅप्सूलसारख्या बिनतारी पेसमेकरपैकी ‘मायक्रा’मध्ये चुंबकाला प्रतिसाद देणारा भागच नाही. त्यामुळे ‘सगळ्या पेसमेकरना चुंबक चालत नाही’ हे विधान सरसकट खरे नाही.

मग मोबाइलचे काय?

मोबाइलच्या रेडिओ लहरींची भीती जुनी आहे. आजच्या यंत्रांना त्यांपासून बऱ्यापैकी संरक्षण असते. नवा प्रश्न आला तो फोनमधील चुंबकांमुळे. २०२० मध्ये आलेल्या आयफोन १२ च्या पाठीत वायरलेस चार्जर चिकटावा म्हणून चुंबकांचे कडे बसवले होते. २०२१ च्या सुरुवातीला अमेरिकेतील हेन्री फोर्ड रुग्णालयाच्या डॉक्टरांनी ‘हार्ट ऱ्हिदम’ या नियतकालिकात एक निरीक्षण मांडले : हा फोन आयसीडी असलेल्या रुग्णाच्या छातीजवळ धरताच शॉकची यंत्रणा थांबली आणि फोन तिथे असेपर्यंत थांबलेलीच राहिली. त्याच वर्षी झालेल्या आणखी एका अभ्यासात तीन रुग्णांच्या छातीवर हा फोन ठेवला, तर तिघांच्याही यंत्रांनी चुंबकाला प्रतिसाद दिला.

अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, मे २०२१ मध्ये धोका कमी असल्याचे सांगत एक साधा नियम दिला : फोन आणि स्मार्टवॉच यंत्रापासून सहा इंच, म्हणजे १५ सेंटिमीटर दूर ठेवा. फोन वायरलेस चार्जिंगवर असेल तर ॲपल ३० सेंटिमीटर अंतर ठेवायला सांगते.

एवढ्याशा अंतराने काय होते? यंत्रातील स्विच साधारण १० गॉसच्या पुढच्या चुंबकीय क्षेत्राला प्रतिसाद देतो. छोट्या चुंबकाचा जोर अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतो. म्हणजे अंतर दुप्पट केले की जोर आठपट कमी, तिप्पट केले की सत्तावीसपट. म्हणून छातीला चिकटलेला फोन आणि पँटच्या खिशातला फोन यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. यंत्र डावीकडे असेल तर फोन उजव्या कानाला लावावा आणि शर्टाच्या वरच्या खिशात ठेवू नये. झोपताना छातीवर फोन ठेवून व्हिडिओ पाहण्याची सवय मात्र सोडावी लागेल. इयरफोन गळ्यात लटकवणे, त्यांची चुंबकी झाकणाची डबी वरच्या खिशात ठेवणे, चुंबकाने चिकटणारा नावाचा बिल्ला लावणे, यांनाही हाच नियम. सांधेदुखीसाठी विकल्या जाणाऱ्या चुंबकीय गाद्या आणि पट्ट्यांचा तर मोह टाळलेलाच बरा. तिथे चुंबक तासन् तास अंगाला लागून असते.

विमानतळावर काय करावे?

यंत्राचे ओळखपत्र हातात ठेवावे आणि सीआयएसएफच्या जवानाला आधीच सांगावे. धातुशोधक चौकटीतून नेहमीच्या चालीने जायला हरकत नाही. फक्त तिच्यात थांबू नये, तिला टेकू नये. अलार्म वाजला तर तो डबीच्या धातूमुळे. यंत्र बिघडल्याचा तो इशारा नव्हे. हातात धरायचा डिटेक्टर छातीवर रेंगाळू देऊ नये, त्याऐवजी हाताने तपासणी करण्याची विनंती करावी. ही काळजी मुख्यतः खबरदारी म्हणूनच. जर्मनीतील डॉक्टरांनी ३८८ रुग्णांच्या यंत्रांवर हा हातातला डिटेक्टर धरून पाहिला होता. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात एकाही यंत्राच्या कामात अडथळा आढळला नाही. मॉलच्या दारातील चोरी पकडणाऱ्या खांबांनाही चौकटीचाच नियम लागू : चालत पुढे जा, तिथे गप्पा मारत उभे राहू नका.

एमआरआय करता येतो का?

हा खरा अवघड प्रश्न, आणि ‘पेसमेकर आहे, एमआरआय होणार नाही’ हे सरसकट उत्तर आता जुने झाले आहे. नेहमीच्या १.५ टेस्लाच्या एमआरआय यंत्राचे क्षेत्र १५,००० गॉस असते, म्हणजे स्विचला पुरेशा असलेल्या क्षेत्राच्या सुमारे दीड हजारपट. पण प्रश्न फक्त चुंबकाचा नाही. स्कॅनच्या रेडिओ लहरी लीडमध्ये अँटेनासारख्या शिरतात आणि तिचे हृदयात रुतलेले टोक तापू शकते. तिथला स्नायू दुखावला तर पेसमेकरची टिचकी हृदयाला पुरेनाशी होते. शिवाय स्कॅनमधले बदलते क्षेत्र यंत्राला हृदयाचे ठोकेच वाटू शकते.

२०११ मध्ये अमेरिकेत एमआरआयसाठी चाचणी घेतलेल्या पहिल्या पेसमेकरला मंजुरी मिळाली. अशा यंत्रांना ‘एमआरआय कंडिशनल’ म्हणतात. यात भर ‘कंडिशनल’वर आहे : अटी पाळल्या तरच. आणि अटी फक्त डबीला नसतात, डबी आणि लीड यांच्या जोडीला असतात.

एक उदाहरण घेऊ. समजा, आयसीडी असलेल्या एका ६८ वर्षांच्या निवृत्त शिक्षकांना पायात मुंग्या येतात म्हणून कमरेच्या मणक्याचा एमआरआय सांगितला आहे. ओळखपत्रावर डबी एमआरआय कंडिशनल आहे. स्कॅन सेंटरने एवढ्यावर होकार दिला तर ते चूक. आधी लीडचे मॉडेल क्रमांक पाहायला हवेत. डबी एका कंपनीची आणि लीड दुसऱ्या कंपनीच्या असतील, तर त्या जोडीची चाचणी झालेली नसते. मग यंत्र बसवून किमान सहा आठवडे झाले आहेत का, बॅटरी आणि लीड ठीक आहेत का, हे पाहायचे. त्यानंतर छातीचा एक्स-रे. ओळखपत्राप्रमाणे तारा दोन, पण एक्स-रेमध्ये तीन दिसतात. तिसरी तार कुठेच जोडलेली नाही. चौकशीत कळते की पूर्वी त्यांना साधा पेसमेकर होता. आयसीडी बसवताना जुनी लीड काढणे जोखमीचे म्हणून ती आतच ठेवली. अशी सोडून दिलेली तार असेल तर ‘कंडिशनल’चा शिक्का लागू होत नाही.

म्हणजे दार कायमचे बंद झाले असे नाही. जुन्या, शिक्का नसलेल्या यंत्रांवरही १.५ टेस्लाचे हजारो स्कॅन झाले आहेत. २०१७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अशा स्कॅनचे दोन मोठे अभ्यास आले आणि योग्य तयारी असेल तर गंभीर गुंतागुंत क्वचितच होते असे त्यांत दिसले. मात्र सोडून दिलेल्या लीडचे रुग्ण अशा अभ्यासांतून बहुधा वगळलेले असतात. त्यामुळे या शिक्षकांच्या बाबतीत सीटी स्कॅनने भागेल का, हा पहिला प्रश्न. नसेल भागत, तर यंत्रतज्ज्ञ असलेल्या मोठ्या केंद्रात, जोखीम समजावून घेऊन निर्णय घ्यावा लागेल.

स्कॅनच्या दिवशी काय होते?

प्रोग्रॅमर नावाच्या संगणकाने यंत्र एमआरआय मोडमध्ये टाकले जाते. रुग्ण पूर्णपणे पेसमेकरच्या ठोक्यांवर अवलंबून असेल तर यंत्र ठरलेल्या वेगाने टिचक्या देत राहते. नसेल तर टिचक्या देणे तात्पुरते बंद ठेवता येते. आयसीडीचे शॉक बंद केले जातात. म्हणूनच स्कॅन होईपर्यंत ईसीजी आणि ऑक्सिजनच्या क्लिपवर लक्ष ठेवणारा माणूस आणि बाहेरून शॉक देणारे यंत्र जवळ लागते. रुग्णाला छातीत उष्णता, ओढ किंवा चक्कर जाणवली तर त्याने लगेच हातातील बझर दाबावा.

स्कॅननंतर यंत्र पुन्हा तपासून मूळ सेटिंगवर आणतात. काही मॉडेलमध्ये ठरावीक तासांनी शॉक आपोआप सुरू होण्याची सोय असते, सगळ्यांत नसते. आयसीडी तसाच बंद राहिला तर रुग्णाला त्याची जाणीव होत नाही. सेंटर सोडण्यापूर्वी ‘शॉक पुन्हा चालू केले का?’ हे विचारावे आणि तपासणीच्या कागदावर तशी नोंद मागून घ्यावी.