कॅमेरा चालू, पण रेकॉर्डिंग नाही

जुलैमधल्या एका रविवारी आमच्या सोसायटीची वीज सकाळी दोन तास गेली. तेव्हा कोणाला त्याचं विशेष वाटलं नाही. बुधवारी गेटजवळून एका सभासदाच्या मुलीची सायकल चोरीला गेली आणि आम्ही तिघं-चौघं फुटेज बघायला ऑफिसात जमलो. पार्किंग, लिफ्ट आणि मागचं कुंपण या तिन्ही चौकटी व्यवस्थित दिसत होत्या. गेटची चौकट काळी होती आणि तिथलं शेवटचं रेकॉर्डिंग रविवारी सकाळी ९ वाजून ४० मिनिटांचं होतं.

वॉचमनकाका म्हणाले, "साहेब, कॅमेरा बंद नाहीये. रात्री त्याचे लाल दिवे लागतात, मी रोज बघतो." त्यांचं खरं होतं. कॅमेऱ्याला वीज मिळत होती, त्याचं चित्रही तयार होत होतं, केबल शाबूत होती. बिघाड फक्त एवढाच होता, की रेकॉर्डर त्याला चुकीच्या पत्त्यावर शोधत होता.

कॅमेरे बसवून देणारा तंत्रज्ञ आला. त्याने रेकॉर्डरमध्ये कॅमेऱ्याचा नवा पत्ता टाकला आणि पाच मिनिटांत चित्र दिसायला लागलं. ऑगस्टमध्ये पुन्हा वीज गेली, तेव्हा याहून वाईट घडलं. चारही चौकटींत चित्र होतं, पण 'गेट' नावाखाली पार्किंग दिसत होतं आणि 'पार्किंग' नावाखाली गेट. काळी चौकट निदान डोळ्यांत खुपते. ही अदलाबदल मात्र आठवडाभर कोणाच्या लक्षात आली नाही. दुरुस्ती चुकीच्या जागी झाली होती. पत्ता रेकॉर्डरमध्ये बदलून उपयोग नव्हता, तो राऊटरमध्ये कायमचा बांधून द्यायला हवा होता.

घरातल्या किंवा सोसायटीतल्या नेटवर्कवर प्रत्येक उपकरणाला एक आयपी पत्ता लागतो, उदाहरणार्थ 192.168.1.103. बहुतेक ठिकाणी हा पत्ता राऊटर वाटतो. या वाटपाच्या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. तिचे आजही वापरात असलेले नियम १९९७ साली प्रसिद्ध झाले. या पद्धतीत पत्ता मालकीचा मिळत नाही, भाड्याने मिळतो. आपल्याकडच्या अकरा महिन्यांच्या भाडेकरारासारखीच त्याला मुदत असते, फक्त ती काही तासांची किंवा एखाद्या दिवसाची असते. निम्मी मुदत संपली की उपकरण राऊटरकडे नूतनीकरण मागतं आणि साधारणपणे तोच पत्ता पुढे चालू राहतो. म्हणून महिनोन्महिने काहीच बदलत नाही आणि पत्ता कायमचाच आहे असं वाटू लागतं.

कोणाला कोणता पत्ता दिला याची नोंदवही राऊटरकडे असते. घरगुती वापराच्या अनेक राऊटरमध्ये ती तात्पुरत्या स्मृतीत राहते आणि वीज गेली की पुसली जाते. वीज परत आली की राऊटर कोऱ्या वहीने सुरू होतो. आमच्या राऊटरची पत्ते वाटायची हद्द 192.168.1.100 ते 192.168.1.199 अशी होती आणि तो मागतील त्या क्रमाने पत्ते देत होता. गेटचा कॅमेरा रविवारपर्यंत 103 वर होता. वीज आल्यावर ऑफिसातला संगणक, सचिवांचा फोन आणि इतर कॅमेरे त्याच्या आधी जागे झाले, 103 दुसऱ्याच कोणाला मिळाला आणि गेटच्या कॅमेऱ्याच्या वाट्याला 106 आला. रेकॉर्डरच्या यादीत मात्र 'चौथा चॅनल, 192.168.1.103' एवढंच लिहिलेलं होतं. तो तीन दिवस त्याच दारावर थाप मारत बसला.

ऑगस्टमध्ये 106 नेमका पार्किंगच्या कॅमेऱ्याला मिळाला. दोन्ही कॅमेरे एकाच कंपनीचे, दोघांचा पासवर्डही एकच. रेकॉर्डरने 106 वर पासवर्ड दिला, आतून चित्र आलं आणि ते त्याने 'गेट' म्हणून साठवलं. त्याच्या दृष्टीने काहीच चुकलं नव्हतं.

सगळे राऊटर असे क्रमाने पत्ते देत नाहीत. काही राऊटर उपकरणाच्या ओळखक्रमांकावरून हिशेब करून पत्ता ठरवतात, त्यामुळे वही पुसली तरी बहुधा जुनाच पत्ता परत मिळतो. काही कॅमेरेही सुरू होताना आपला आधीचा पत्ता आवर्जून मागतात. म्हणूनच हा दोष दर वेळी दिसत नाही. दहा वेळा वीज जाऊनही सगळं सुरळीत चालतं आणि अकराव्या वेळी एक चौकट काळी होते. "आमच्याकडे कधी असं झालं नाही" एवढ्यावर कोणी निश्चिंत राहू नये.

उपाय राऊटरमध्येच असतो. राऊटरच्या पानावर `DHCP Server` या भागात `Address Reservation` किंवा `Static Lease` अशा नावाची सोय असते. नाव कंपनीगणिक थोडं बदलतं. तिथे राऊटरला सांगायचं, की अमुक ओळखक्रमांकाचं उपकरण आलं तर त्याला हाच पत्ता दे आणि तो दुसऱ्या कोणालाही देऊ नकोस. ही नोंद राऊटरच्या कायमच्या स्मृतीत जाते, वीज गेली तरी ती राहते.

हा ओळखक्रमांक म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस. तो कारखान्यातच ठरतो. त्यात बारा अक्षरं असतात, 0 ते 9 हे अंक आणि A ते F ही अक्षरं. कॅमेऱ्याच्या मागच्या किंवा बुडाच्या लेबलवर तो छापलेला असतो. आमचा गेटचा कॅमेरा बारा फुटांवर होता. मी शिडीवर चढलो, लेबलचा फोटो काढला आणि खाली येऊन राऊटरच्या यादीतल्या क्रमांकांशी ताडून पाहिला. ते फार बरं झालं, कारण यादीतल्या चारही कॅमेऱ्यांचे पहिले सहा अंक-अक्षरं सारखीच होती. तो भाग कंपनीचा असतो, कॅमेरा ओळखता येतो तो शेवटच्या सहांवरून. लेबलवरचं 8 आणि B धुळीमुळे हमखास सारखं दिसतं. म्हणून हाताने टाइप करण्यापेक्षा राऊटरच्या यादीतून योग्य ओळ निवडणं चांगलं.

गेटसाठी केलेली नोंद साधारण अशी होती (मॅक अ‍ॅड्रेस नमुन्याचा आहे):

```
MAC: 02:00:5E:4E:07:B2
IP:  192.168.1.184
```

बाकीच्या तीन कॅमेऱ्यांना 181, 182, 183 आणि रेकॉर्डरला 180 दिला. रेकॉर्डरचाही पत्ता बांधून ठेवला, कारण तो बदलला तर ऑफिसातल्या संगणकावरून रेकॉर्डर उघडत नाही. हे आकडे मुद्दाम हद्दीच्या शेवटाकडचे घेतले. काही राऊटर हद्दीबाहेरचा पत्ता राखायला नकार देतात, हद्दीतला मात्र सहसा चालतो.

इथे बरेच जण दुसरी वाट धरतात. ते राऊटरकडे न जाता कॅमेऱ्याच्याच सेटिंगमध्ये पत्ता कायमचा टाइप करतात. ती पद्धत चुकीची नाही, पण तो पत्ता राऊटरच्या वाटपाच्या हद्दीबाहेरचाच हवा. कॅमेऱ्यात 103 लिहिला आणि राऊटरला ते ठाऊकच नसेल, तर तो 103 एखाद्या पाहुण्याच्या फोनला देऊन मोकळा होईल. मग एकाच पत्त्यावर दोन उपकरणं येतात आणि चित्र मधूनच येतं, मधूनच जातं. असा बिघाड शोधताना माणूस केबल आणि प्लग बदलत बसतो. राऊटरमधली नोंद मला अधिक पसंत आहे ती एवढ्यासाठीच, की पत्ते वाटणारा आणि राखणारा एकच राहतो.

त्याची एक अट आहे. कॅमेऱ्याच्या नेटवर्क सेटिंगमध्ये डीएचसीपी चालू असलं पाहिजे. काही कॅमेरे कारखान्यातूनच ठरावीक पत्ता घेऊन येतात. ते राऊटरला काही विचारतच नाहीत, मग राऊटरमधली नोंद नुसती पडून राहते.

नोंद केल्याबरोबर कॅमेरा नव्या पत्त्यावर जात नाही. जुन्या भाड्याची मुदत चालू असते, म्हणून कॅमेरा एकदा बंद करून चालू करावा लागतो. त्यानंतर रेकॉर्डरमध्ये त्या चॅनलचा पत्ता बदलायचा. हे काम मी एका वेळी एकाच कॅमेऱ्याचं केलं: नोंद, कॅमेरा बंद-चालू, राऊटरच्या यादीत 184 दिसतो का ते पाहणं, रेकॉर्डरमध्ये 184 लिहिणं, चित्र बघणं, आणि मगच पुढचा कॅमेरा. चारही एकदम हाती घेतले असते तर पुन्हा कोण कुठलं हेच कळलं नसतं. प्रत्येक कॅमेऱ्याच्या आतच त्याच्या जागेचं नाव घातलं, ते चित्राच्या कोपऱ्यात उमटतं. रेकॉर्डरमधलं चॅनलचं नाव आणि चित्रावरचं नाव जुळत नसेल, तर अदलाबदल लगेच कळते.

नंतर मुद्दाम कठीण परीक्षा घेतली. चारही कॅमेऱ्यांची वीज तोडली, राऊटर बंद करून चालू केला, ऑफिसातले सहा फोन आधी वायफायला जोडले आणि शेवटी कॅमेऱ्यांना वीज दिली. तीन मिनिटांत चारही चौकटी आपापल्या जागी आल्या. केवळ राऊटर बंद-चालू करून ही परीक्षा होत नाही. त्या वेळी कॅमेरे जागेच असतात आणि बहुधा आपला पत्ता धरून ठेवतात, त्यामुळे दोष लपून राहतो.

काही ठिकाणी हे सगळं करूनही गाडी अडते. कॅमेऱ्याला केबल आणि वायफाय दोन्ही असतील तर त्याचे मॅक अ‍ॅड्रेसही दोन असतात. केबलचा नोंदवून कॅमेरा वायफायवर चालवला तर उपयोग नाही. वायफाय लांबवणारे काही एक्स्टेंडर पलीकडच्या उपकरणाचा मॅक अ‍ॅड्रेस बदलून पुढे पाठवतात, तेव्हा राऊटरच्या यादीत जो दिसतो तोच नोंदवावा लागतो. इंटरनेट कंपनीचा डबा आणि आपला राऊटर दोन्ही एकाच नेटवर्कवर पत्ते वाटत असतील, तर एकाचं वाटप बंद करणं भाग आहे. आणि कॅमेरे थेट रेकॉर्डरच्या मागच्या वीज पुरवणाऱ्या पोर्टना जोडलेले असतील, तर त्यांचे पत्ते सहसा रेकॉर्डरच सांभाळतो. तिथे राऊटरमध्ये काहीच करायची गरज नाही.

एक गोष्ट मात्र आजच करून ठेवा. चारही नावं, मॅक अ‍ॅड्रेस आणि पत्ते एका कागदावर लिहून तो राऊटरच्या पेटीत आतल्या बाजूने चिकटवा. राऊटर फॅक्टरी रीसेट झाला किंवा इंटरनेटवाल्याने बदलून दिला, तर या नोंदी जुन्या डब्याबरोबर जातात आणि नव्या राऊटरमध्ये त्या पुन्हा आपल्यालाच कराव्या लागतात.