टच-अप कोणी करायचा?

तालुक्याच्या गावातलं तीन खुर्च्यांचं ब्यूटी पार्लर. हाताखाली दोन मुली आहेत, पण कट, कलर, फेशियल सगळं मालकीण स्वतःच करते. मधल्या वेळात फोन, हिशेब, मालाची ऑर्डर, लाइट बिल. लग्नसराईत दुपारचा डबा चार वाजता उघडतो. संध्याकाळी खांदे आणि कंबर बोलायला लागतात आणि फोन वाजला की हा तरी रद्द करायला आलेला असू दे, असं वाटायला लागतं.

ही शेवटची गोष्ट हसण्यावारी नेऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये 'बर्नआउट'चं वर्णन केलं ते तीन खुणांनी: शक्ती संपून जाणं, कामाबद्दल मनात दुरावा किंवा कडवटपणा येणं आणि आपल्या हातून काम नीट होत नाही असं वाटणं. संघटना त्याला आजार म्हणत नाही. कामाच्या ठिकाणचा सततचा ताण आटोक्यात न आल्याचा तो परिणाम मानते. म्हणूनच दोन दिवस माहेरी जाऊन आल्याने तो फारसा हटत नाही. परतल्यावर कामाची मांडणी तीच असते.

मांडणी बदलायची तर बहुतेक जणी झाडू, टॉवेल आणि थ्रेडिंग मुलींकडे देऊन थांबतात. त्याने फार वेळ सुटत नाही. वेळ खातो तो कलर. साधा रूट टच-अप घ्या. केस पाहून शेड ठरवायला दहा मिनिटं, लावायला तीस, रंग चढायला पस्तीस, धुऊन ब्लो-ड्राय करायला पंचवीस. हे झाले शंभर मिनिटं. यात मालकिणीचं डोकं खरोखर लागतं ते सुरुवातीला, धुण्याआधी एक बट पुसून पांढरे झाकले का हे पाहताना आणि शेवटी. म्हणजे जेमतेम वीस मिनिटं. उरलेलं काम शिकवता येतं.

मात्र ते शिकवायच्या आधी कार्ड लागतं. नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या शेड मालकिणीला तोंडपाठ असतात, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. प्रत्येकीचं एक कार्ड करावं: शेड नंबर ३, ट्यूब ४० ग्रॅम, सहा टक्क्यांचा डेव्हलपर ६० ग्रॅम, पस्तीस मिनिटं, पॅच टेस्टची तारीख. सोबत वजनकाटा हवा. अंदाजाने पिळलेली ट्यूब दर महिन्याला वेगळा रंग देते आणि मग दोष मुलीच्या हाताला लागतो. अर्थात हे प्रमाण कंपनीगणिक बदलतं. डब्यावर लिहिलेलं असेल तेच कार्डावर उतरवायचं.

शिकवणं टप्प्याने व्हावं. कानशिलं आणि कपाळावरचे पांढरे केस हट्टी असतात, शिवाय आरशात पहिले तेच दिसतात. तो भाग सुरुवातीला मालकिणीने लावावा आणि मागचं डोकं मुलीला द्यावं. चूक कुठे होते ते ठरलेलं असतं. जाड बटा घेतल्या तर कानामागे पांढरे राहतात. ब्रश मुळांच्या खाली ओढला गेला तर आधीच रंगवलेल्या लांबीवर पुन्हा रंग बसतो आणि दोन-तीन महिन्यांत टोकं काळीकुट्ट होतात. मागचं सलग चार-पाच वेळा स्वच्छ आलं, की पुढचा भागही तिचा.

काही निर्णय मात्र सोडायचे नाहीत. नव्या गिऱ्हाइकाची किंवा बदललेल्या शेडची पॅच टेस्ट, जी ४८ तास आधी घ्यावी लागते, आणि ब्लीच केलेल्या केसांवर स्मूदनिंग करायचं की नाही, हे मालकिणीनेच ठरवावं. इथली चूक धुऊन जात नाही.

गिऱ्हाईक म्हणणारच, "नाही हो, ताईच हव्यात." इथे बहुतेकींचा धीर सुटतो. त्याहून वाईट म्हणजे मुलीने लावलेल्यावर गिऱ्हाइकासमोर पुन्हा ब्रश फिरवणं. तेवढ्या एका कृतीने त्या मुलीचा हात त्या गिऱ्हाइकासाठी कायमचा कच्चा ठरतो. दुरुस्ती करायची असेल तर बाउल मागवून कार्डाकडे बोट दाखवावं आणि तिच्याकडूनच करून घ्यावी. आणि सुरुवातीलाच सांगावं, "शेड मी ठरवलीय, लावणार ही, धुवायच्या आधी मी बघते." ताई नाहीत असं मग गिऱ्हाइकाला वाटत नाही.

दिवसाला तीन टच-अप असतील तर असे चार तास सुटतात. त्यात आणखी तीन गिऱ्हाइकं बसवली की सगळं मुसळ केरात. सुटलेल्या वेळातला एक तास जेवणाचा आणि एक हिशेब-खरेदीचा, अपॉइंटमेंटच्या वहीत पेनाने आधीच भरून ठेवावा.

मुलगी शिकली की स्वतःचं पार्लर काढेल, ही भीती खोटी नाही. काही जणी जातातच. पण टच-अप तिच्या हातात दिल्यावर पगार थ्रेडिंगच्या वेळचाच राहिला, तर ती लवकर जाते. म्हणून प्रत्येक टच-अपमागे तिचा वाटा पहिल्याच महिन्यापासून ठरवावा आणि तोही कार्डाशेजारच्या वहीत लिहावा.