इंदूरचा फोन लागेना आणि सिम मात्र आपलंच काढलं

परवा जेट्टीवर एक खलाशी कानातल्या बाळीने सिमचा ट्रे उघडत बसलेला दिसला. हाताला मासळीचं पाणी, मांडीवर फोन आणि तोंडात सिम. "नेटवर्क गेलंय," म्हणाला. शेजारच्या बोटीवर त्याच कंपनीचा फोन होता आणि तोही बंदच होता, पण ते विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं. त्यावरून आम्हांला 2021 सालचं इंदूरचं प्रकरण आठवलं.

त्या वर्षी 6 ऑक्टोबरला, बुधवारी, सर्वपित्री अमावास्या होती आणि गुरुवारी घटस्थापना. नवरात्रात मासळीची मागणी किती उतरते ते तुम्हांला सांगायला नको. आपल्या एका सभासदाचा माल इंदूरच्या व्यापाऱ्याकडे जात असे. मूळचं मराठी घराणं, इंदुरात कधीचं स्थायिक झालेलं. मंगळवारी संध्याकाळी शेठ म्हणाले, "भाऊ, किती पेट्या पाठवायच्या ते सुबह सांगतो. दुपारी गाडी काढा." नाशिक, धुळे, सेंधवा करत गाडी गुरुवारी सकाळी, म्हणजे बरोबर घटाच्या दिवशी, तिथे उतरणार होती. सुरमई आणि पापलेटच्या चाळीस पेट्या बर्फात तयार होत्या.

बुधवारी सकाळी शेठचा फोन लागेना. "संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे," एवढंच ऐकू येई. आमच्या सभासदाला वाटलं, आपलाच फोन बिघडला. तसं वाटायला कारण होतं. दोनच दिवसांपूर्वी, सोमवारी रात्री नऊनंतर, व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक आणि इन्स्टाग्राम साधारण सहा तास सगळ्या जगात बंद पडलं होतं. त्या रात्रीही त्याने फोन तीनदा बंद-चालू केला होता. दोष त्या कंपनीच्या आतल्या कामात होता, फोन बिचारा धडधाकट होता.

बुधवारी त्याने आधी फोन बंद-चालू केला. मग सिम काढून पुसलं. शेवटी कुणीतरी सांगितलं म्हणून सेटिंगमध्ये जाऊन `Reset network settings` केलं. त्यात घरच्या आणि सोसायटीच्या वायफायचे पासवर्ड पुसले गेले, ब्लूटूथच्या जोडण्या गेल्या. दीड तास गेला, बर्फ वितळत होता, आणि शेठचा फोन लागत नव्हताच.

उत्तर मात्र त्याच्या हातातच होतं. सकाळी त्याने शेठला व्हॉट्सअ‍ॅपवर "किती पेट्या?" असं पाठवलं होतं आणि त्याच्यापुढे एक करडी खूण आली होती. मेसेजपुढे घड्याळाचं चित्र अडकून राहिलं, तर मेसेज तुमच्या फोनमधून बाहेरच पडलेला नाही. एक खूण आली, तर तो व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत पोचलाय, पुढच्याच्या फोनमध्ये उतरलेला नाही. दोन खुणा म्हणजे उतरला. म्हणजे आपल्या माणसाचं इंटरनेट चालू होतं, आणि अडचण इंदूरच्या टोकाला होती. सोमवारी रात्री सगळ्यांचीच घड्याळं अडकली होती, दोन दिवसांतला हा फरक कुणी पाहिला नाही. अर्थात एक खूण म्हणजे तिकडे नेटवर्कच गेलं असं नाही. समोरच्याने फोन बंद ठेवला असेल किंवा तुम्हांला ब्लॉक केलं असेल, तरी एकच खूण दिसते. म्हणून एका खुणेवर थांबायचं नाही, दुसरा फोन करून बघायचा.

तो फोन शेवटी आमच्या कार्यालयातून केला. शेठच्या मुनीमजींचा नंबर दुसऱ्या कंपनीचा होता, तो पहिल्याच घंटीला उचलला गेला. "अहो, इकडे आमच्या शेठच्या कंपनीचं सकाळपासून ठप्प आहे, अर्ध्या बाजाराचे फोन बंद आहेत!" त्या सकाळी मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमधल्या अनेक ग्राहकांची सेवा खरोखरच गेली होती. नंतर त्या कंपनीने त्यांना दोन दिवसांचा मोफत प्लॅनही दिला. मुनीमजींनी आकडा सांगितला: पंधरा. उरलेल्या पंचवीस पेट्या आम्ही त्याच दुपारी जवळच्या बाजारात काढल्या, भाव थोडा कमी मिळाला. चाळीसच्या चाळीस पेट्या घटाच्या दिवशी इंदुरात उतरल्या असत्या, तर काय झालं असतं ते तुम्हीच बघा.

आता उलट बाजू, म्हणजे तुमच्याच फोनवर दांड्या नाहीत तेव्हा. सेटिंगला हात लावायच्या आधी आजूबाजूला तुमच्याच कंपनीचा दुसरा फोन शोधा. त्यालाही नेटवर्क नसेल आणि दुसऱ्या कंपनीच्या फोनला असेल, तर तुमच्या कंपनीचा टॉवर किंवा मागची लाईन गेलीय. फोन खिशात ठेवा. काम निकडीचं असेल तर दुसऱ्याचा हॉटस्पॉट घ्या. पडद्यावर `Emergency calls only` असेल तर 112 लावता येतो, कारण तो फोन जो टॉवर सापडेल, दुसऱ्या कंपनीचा का असेना, त्यावरून जाऊ शकतो. `No service` असेल तर फोनला जोडण्यासारखा टॉवरच सापडत नाहीये. (बोटीवर, किनाऱ्यापासून लांब, हे नेहमीचंच आहे. तिथे मोबाईल तपासत बसू नका, व्हीएचएफ चॅनल 16 त्यासाठीच आहे.)

दांड्या भरलेल्या आणि तरी नेट चालत नाही, हा तिसरा प्रकार. इंदुरात अनंत चतुर्दशीच्या झांक्यांना किंवा रंगपंचमीच्या गेरला राजवाड्याजवळ गेलेल्यांना तो माहीत आहे. टॉवर चालू असतो, पण एवढ्या फोनांना पुरत नाही. चार गल्ल्या लांब गेलं की मेसेज सुटतो. आपल्याकडे जत्रेत हेच होतं.

शेजारचा त्याच कंपनीचा फोन चालतोय आणि तुमचाच नाही, तर मग दोष तुमच्याकडे. आधी रिचार्ज संपलाय का बघा. मग विमान मोड दहा सेकंद लावून काढा, म्हणजे फोन टॉवरला नव्याने ओळख देतो. एकदाच पुरे. तेवढ्याने झालं नाही, तर कोरड्या हाताने सिम दुसऱ्याच्या फोनमध्ये घाला. तिथे चाललं तर बिघाड फोनमध्ये आहे, दुरुस्तीवाल्याकडे जा. तिथेही चाललं नाही, तर सिम गेलंय किंवा नंबर बंद झालाय.

इथे मात्र वेळ घालवू नका. सिम जुनं होऊन बाद झालेलं असेल, पण कुणीतरी तुमच्या नावाने दुसरं सिम काढून घेतलं, तरी तुमचं सिम असंच अचानक मरतं, आणि मग बँकेचे ओटीपी त्या माणसाकडे जातात. दुसऱ्याच्या फोनवरून आधी कंपनीला विचारा, "माझ्या नंबरवर नवीन सिम निघालंय का?" हो म्हणाले, तर लगेच बँकेला खातं थांबवायला सांगा आणि सायबर फसवणुकीसाठी 1930 वर तक्रार नोंदवा.

याच भीतीपोटी आता नियम आहे की सिम बदललं की पुढचे 24 तास त्या नंबरवर एसएमएस येत नाहीत आणि जातही नाहीत. म्हणून टॉवर गेलेल्या दिवशी घाईने दुकानात जाऊन सिम बदलणं महागात पडतं. संध्याकाळी टॉवर येतो, सगळ्यांचे फोन चालू होतात, आणि तुम्हांला मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत एसएमएसने येणारा ओटीपी मिळत नाही. डिझेलचे पैसे भरायचे असले की मग बायकोच्या खात्यावरून भरा.

सोसायटीच्या कार्यालयात आता व्यापाऱ्यांची वही आहे. प्रत्येकाच्या नावापुढे दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे नंबर लिहिलेत. इंदूरच्या पानावर मुनीमजींचा नंबर पहिला आहे. तुमच्या व्यापाऱ्याचा दुसरा नंबर अजून दिला नसेल, तर बर्फाची पावती घ्यायला याल तेव्हा लिहून द्या.